डोके दुखणे, अंधारी येणे, तोंड सुजणे: गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाच्या खुणा आणि दवाखान्यात जाण्याची वेळ

गरोदरपणात होणारा प्रत्येक त्रास धोक्याचा नसतो. पहिल्या तीन महिन्यांतील मळमळ, शेवटच्या महिन्यांतील कंबरदुखी किंवा दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पावलांवर येणारी आणि रात्रीच्या विश्रांतीने उतरणारी सूज यांसाठी धावपळ करण्याची गरज नसते. आशा म्हणून दर महिन्याला अंगणवाडीत गरोदर मातांशी आणि त्यांच्या सासूबाईंशी बोलताना मी धोक्याच्या सर्व लक्षणांचा उल्लेख करते, पण सर्वांत जास्त वेळ रक्तदाबासाठी ठेवते. अंगावरून रक्त गेले की ते डोळ्यांना दिसते आणि घर आपोआप हलते. रक्तदाब मात्र दिसत नाही, दुखत नाही, आणि तो दुखू लागतो तेव्हा ते दुखणे ऊन, पित्त किंवा जागरण यांच्या नावावर खपून जाते. त्या बोलण्यातील मुख्य भाग येथे सविस्तर मांडला आहे.

प्रथम हे का होते ते समजून घेऊ. बाळ पोटात वारेतून पोसले जाते, आणि वारेला रक्त मिळते ते आईच्या गर्भपिशवीतील रक्तवाहिन्यांतून. दिवस गेल्यानंतर पहिल्या चार-पाच महिन्यांत या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, जसा एका वाफ्याला पुरणारा पाट सगळे शेत भिजवायचे असेल तर रुंद करून घ्यावा लागतो. काही जणींमध्ये त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडते आणि वार आईच्या रक्तात अशी द्रव्ये सोडू लागते की ज्यांमुळे तिच्या सबंध शरीरातील रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. त्या आकसतात, म्हणून रक्तदाब वाढतो. त्या पाझरू लागतात, म्हणून अंगात पाणी साठून सूज येते आणि मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात. हाच बिघाड मेंदूत झाला की डोके दुखते आणि नजर बिघडते, यकृतात झाला की उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखते, आणि तो वाढत गेला की झटके येतात. म्हणून डोके, डोळे, पोट आणि सूज या चार वेगवेगळ्या तक्रारी वाटल्या तरी त्यांच्या मागे एकच आजार असू शकतो. साधारणपणे विसाव्या आठवड्यानंतर, म्हणजे पाचवा महिना संपताना, तो दिसू लागतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्याचे प्रमाण अधिक असते.

मूळ वारेत असल्यामुळे या आजाराचा शेवट वार बाहेर पडल्यावर, म्हणजे बाळंतपणानंतरच होतो. डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्या दाब आटोक्यात ठेवतात. आजार काढून टाकत नाहीत. ही गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण चार दिवस गोळ्या घेऊन बरे वाटले की त्या बंद करण्याची चूक याच अज्ञानातून होते.

आता मोजणीबद्दल. कार्डावर रक्तदाबाचे दोन आकडे लिहिलेले असतात. वरचा आकडा 140 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा 90 किंवा त्याहून अधिक असेल, तर तो दाब वाढलेला समजतात. दोन्हींपैकी एक वाढला तरी पुरे. वरचा 160 किंवा खालचा 110 झाला, तर ती तातडीची स्थिती असते आणि उद्याची वाट पाहता येत नाही. उन्हातून चालत येऊन लगेच हात पुढे केला तर आकडा खोटा वाढतो, म्हणून पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, पाय जमिनीवर सोडावेत आणि हात छातीच्या उंचीवर ठेवावा. दाब वाढलेला निघाला तर नर्सताई काही तासांनी पुन्हा मोजतात. तातडीचा आकडा असेल तर मात्र इतकी वाट पाहत नाहीत, लगेच खात्री करून पुढे पाठवतात.

लघवीची तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे आणि बायका नेमकी तीच टाळतात, कारण बाटली घेऊन सर्वांसमोरून जायला संकोच वाटतो. तपासणीची पट्टी पिवळसर असते. लघवीत प्रथिने असतील तर तिचा रंग हिरवट होत जातो आणि रंग जितका गडद तितके प्रथिनांचे प्रमाण अधिक. अंगावरून पांढरे जात असेल तर ते लघवीत मिसळून पट्टी उगाच हिरवी होऊ शकते, म्हणून आधी पाण्याने स्वच्छ धुवावे, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी आणि मधली धरावी. तिसरी नोंद वजनाची. चौथ्या महिन्यापासून आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन वाढणे अपेक्षित असते. एखाद्या आठवड्यात ते एकदम किलो-दीड किलोने वाढले, तर बाळ एकाएकी मोठे झाले असे नसून बहुधा अंगात पाणी साठलेले असते. अशा वेळी घरात "बाळ चांगले धरले आहे" असे कौतुक होते, आणि मला त्याच वेळी त्या सुनेचा रक्तदाब मोजण्याची घाई झालेली असते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहू. हे उदाहरण एका विशिष्ट बाईचे नाही. अशा बायकांच्या कार्डांवर ज्या प्रकारच्या नोंदी असतात त्यांवरून मी ते रचले आहे. एक सून आहे, वय एकोणीस, पहिलीच खेप. चौथ्या महिन्यात तिचा रक्तदाब 106/68, सहाव्या महिन्यात 118/76, आणि आठवा महिना लागताना 136/86. हा शेवटचा आकडा 140/90 च्या आत आहे, त्यामुळे कोणालाही चिंता वाटत नाही. परंतु तीन नोंदी एकाखाली एक ठेवून वाचल्या तर आकडा सरळ वर चढताना दिसतो, आणि शेवटच्या महिन्यात वजन तीन किलोंनी वाढलेले असते. नर्सताईंनी तिला आठ दिवसांनी पुन्हा बोलावले, पण भातकापणी सुरू झाली आणि ते राहून गेले. मला विचाराल तर घसरण येथेच सुरू झाली. पुढे डोके दुखू लागले तो तिचा दुसरा टप्पा होता.

नवव्या-दहाव्या दिवशी सकाळी बांगड्या मनगटात रुतू लागल्या आणि जोडवी निघेनात. उठल्या उठल्या डोळ्यांभोवती सूज होती. पायांची संध्याकाळची सूज आणि हातांची, चेहऱ्याची सकाळची सूज यांत फरक करावा असे मी वारंवार सांगते, ते याचसाठी. दुपारी तिचे कपाळ ठणकू लागले. घरच्यांनी ऊन लागले असे म्हणून बाम लावला आणि गोळी दिली, पण दुखणे थांबले नाही. संध्याकाळी चुलीसमोर तिला डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखे दिसले आणि समोरचे भांडे दोन-दोन दिसू लागले. रात्री छातीच्या खळगीत दुखून उलटी झाली, तेव्हा पित्त खवळले असे ठरवून लिंबूपाणी दिले गेले. झोपेत तिला झटका आला असता, तर पुढे काय झाले असते हे गावातल्या जुन्या बायकांना सांगावे लागत नाही.

तीच रात्र वेगळी कशी होऊ शकते ते पाहा. दुपारीच गोळीने न थांबणारी डोकेदुखी आणि सुजलेला चेहरा या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून सासूबाईंनी आशाला निरोप पाठवला. उपकेंद्रात रक्तदाब 164/112 निघाला आणि लघवीची पट्टी गडद हिरवी झाली. नर्सताईंनी लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली आणि ती येईपर्यंत झटके टाळण्याचे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले. त्याची पहिली मात्रा दोन्ही कुल्ल्यांत, प्रत्येकी पाच ग्रॅम, खोलवर देतात. टोचताना ते बरेच दुखते आणि अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण घाबरण्याचे कारण नसते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 33 देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात हे औषध दिलेल्या बायकांमध्ये झटके येण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले. इंजेक्शनने रक्तदाब उतरत नाही आणि आजारही थांबत नाही. ते वाटेतला धोका कमी करते, म्हणून इंजेक्शन मिळाल्यावर घरी परतण्याचा विचार करू नये.

नर्सताईंनी रुग्णवाहिका जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राऐवजी थेट उपजिल्हा रुग्णालयात पाठवली, याचे घरच्यांना नवल वाटले. त्याचे कारण असे की, या बाईला शस्त्रक्रिया करून बाळंत करावे लागू शकते, रक्त लागू शकते, आणि तेहतीस आठवड्यांच्या बाळाला नवजात शिशूंच्या विशेष कक्षात ठेवावे लागू शकते. या तिन्ही सोयी प्राथमिक केंद्रात नसतात, आणि ग्रामीण रुग्णालयातही त्या सर्व दिवस-रात्र मिळतीलच असे नाही. आधी एके ठिकाणी, तेथून दुसरीकडे आणि तेथून जिल्ह्याला अशी फेरफटक्याची रात्र टाळायची असेल, तर आपल्या गावासाठी शस्त्रक्रिया आणि रक्त या दोन्हींची सोय असलेले रुग्णालय कोणते, हे सातव्या महिन्यातच विचारून कार्डाच्या मागे लिहून ठेवावे. वाटेत मात्र झटका आला, श्वास लागला किंवा बाई बेशुद्ध पडली, तर प्रथम जे केंद्र लागेल तेथे थांबून उपचार सुरू करून घ्यावेत.

रुग्णालयात तिला दाब उतरवण्याचे औषध दिले गेले आणि बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शने सुरू झाली. ती बारा-बारा तासांच्या अंतराने चार वेळा देतात. तिसऱ्या दिवशी दाब पुन्हा चढू लागला तेव्हा डॉक्टरांनी बाळंतपण करण्याचे ठरवले. अंगणवाडीत हे उदाहरण सांगताना येथे हमखास एक आजी हात वर करून म्हणतात, "अहो ताई, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, मग आणखी थोडं थांबायचं ना?" ही समजूत फार जुनी आहे, पण ती खरी नाही. बाळ पोटात जितके अधिक दिवस राहते तितके ते अधिक तयार होते, म्हणून आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातील बाळापेक्षा जास्तच असते. शिवाय ज्या वारेतून त्याला पोसायचे तीच नीट काम करत नसेल, तर पोटात थांबण्याने त्याचा फायदा होत नाही. साधारणपणे आजार सौम्य असेल तर डॉक्टर सदतीस आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात, आणि तीव्र असेल तर चौतीस आठवड्यांनंतर थांबत नाहीत. त्याआधी काय करायचे हे आई आणि बाळ दोघांची स्थिती पाहून ठरते. लवकर बाळंतपण करायला सांगितले म्हणजे डॉक्टरांनी घाई केली, असे मानून बाईला घरी नेणे हा यातला सर्वांत घातक निर्णय आहे.

घरीच झटका आला तर काय करावे, हेही स्पष्ट सांगते. बाईला कुशीवर वळवावे, आजूबाजूची भांडी आणि दगड दूर करावेत, आणि तिचे हातपाय दाबून धरू नयेत. दातखिळी उघडण्यासाठी तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. झटका बहुधा एक-दोन मिनिटांत थांबतो आणि बाई गाढ झोपल्यासारखी पडते. ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे, पुढचा झटका केव्हाही येऊ शकतो. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर आलेला झटका हा बाहेरच्या बाधेचा प्रकार नाही. देवावरची श्रद्धा कोणी सोडावी असे मी म्हणत नाही. अंगारा लावायचा असेल तर तो रुग्णवाहिकेत लावावा, पण त्यासाठी गाडी थांबवू नये.

पैशांमुळे पाय अडतो, हे मला माहीत आहे. 2011 पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात गरोदर मातेला बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि दाखल असतानाचे जेवण मोफत आहे. घरापासून रुग्णालयापर्यंत, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि परत घरी नेण्याची गाडीही मोफत असते. त्यासाठी 102 क्रमांकावरही फोन करता येतो. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. चौथ्या महिन्यानंतर किमान एकदा तरी त्या दिवशी जावे. पावसाळ्यात ज्या पाड्यांची वाट बंद होते तेथील मातांनी बाळंतपणाच्या तारखेआधीच माहेरघराची चौकशी करावी. आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांजवळ ही सोय आहे, आणि तेथे बाळंतपणाआधी काही दिवस राहता येते.

हा आजार कोणाला होणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही. पहिली खेप, जुळे, अठराच्या आत किंवा पस्तिशीच्या पुढचे वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आधीच्या खेपेत किंवा आईला अथवा बहिणीला हाच त्रास झालेला असणे, अशा बायकांना त्याचा धोका अधिक असतो. परंतु यांपैकी काहीही नसलेल्या बाईलाही तो होतो. म्हणून मोजणी सर्वांचीच करतात. चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या हाडांसाठी असतात असे समजून अनेक जणी त्या कपाटात ठेवतात. ज्यांच्या आहारात दूध-दही, नाचणी कमी असते त्यांच्यामध्ये त्याच गोळ्या या आजाराचा धोकाही कमी करतात. दिवसातून दोन वेळा जेवणानंतर एकेक गोळी घ्यावी. लोहाची गोळी तिच्यासोबत न घेता दोन-तीन तासांचे अंतर ठेवून घ्यावी, कारण एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही.

रक्तदाबाखेरीज ज्या खुणा दिसल्यावर त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला निघावे लागते, त्या थोडक्यात सांगते. गरोदरपणात कधीही अंगावरून रक्त जाणे, पोटात दुखत नसले तरी, धोक्याचे आहे. शेवटच्या महिन्यांत न दुखता जाणारे रक्त वार खाली सरकलेली असण्याची खूण असू शकते, आणि अशा वेळी घरी कोणालाही आतून तपासू देऊ नये. कळा सुरू होण्याआधीच पाणी जाऊ लागले, थंडी वाजून ताप आला किंवा दम लागून झोपता येईना, तर थांबू नये. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर काही खाऊन डाव्या कुशीवर पडून राहावे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतर पॅड किंवा घडी घातलेले कापड तासाभरात भिजून गेले, तर ते सवयीचे जाणे नव्हे आणि तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

वार पडली की आजार संपतो असे मी वर म्हटले, पण तो लगेच संपत नाही. पहिले दोन दिवस झटक्याचा धोका बराच असतो, आणि क्वचित तो सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो, म्हणजे आपला सव्वा महिना होईपर्यंत. बाळंतिणीचे डोके दुखले की कानाला वारा लागला असे म्हणून ते बांधून ठेवतात. बांधावे, पण रक्तदाबही मोजून घ्यावा. पहिले बाळंतपण माहेरी होत असेल तर कार्ड सोबत न्यावे आणि माहेरच्या आशाला भेटून आकडे दाखवावेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनीही कार्ड पेटीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे, कारण अनोळखी तालुक्यातील डॉक्टरांना त्या बाईचा आधीचा रक्तदाब किती होता हे दुसरे कोणी सांगू शकत नाही. ज्या बाईला एकदा हा त्रास झाला तिने पुढच्या खेपेला पाळी चुकताच नोंदणी करावी आणि पहिल्याच भेटीत तो सांगावा. अशा मातांना डॉक्टर बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनची गोळी सुरू करतात. ती स्वतःच्या मनाने घ्यायची नसते, आणि पाचव्या महिन्यात नोंदणी झाली तर तिचा पूर्ण उपयोग होण्याची वेळ निघून गेलेली असते.